‘टाकाऊ साहित्य द्या’ ते ‘३५ ग्रॅम वायर द्या’: दुकानदारांना लिहिलेल्या एका पत्राची पूर्ण गोष्ट

मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सहावीचा वर्ग माझ्याकडे, ३१ मुलं. गेल्या वर्षी आम्ही बाजारपेठेतल्या दुकानदारांकडून निरुपयोगी वस्तू मागून सहावीसाठी विज्ञानाचं कृती किट बनवलं, त्यासाठी एक पत्र लिहिलं, ते साफ फसलं, मग दुसरं लिहिलं आणि ते चाललं. या दोन पत्रांमध्ये नेमका काय फरक होता ते इथे सविस्तर लिहितेय, कारण असं पत्र बऱ्याच शाळांमधून जातं आणि बहुतेक वेळा ते आमच्या पहिल्या पत्रासारखंच असतं.

किट कसलं ते आधी सांगते. सहावीच्या सामान्य विज्ञानात साधी यंत्रे, प्रकाश आणि छाया, चुंबक असे धडे आहेत. वर्गाचे सहा गट, म्हणून सहा पेट्या. प्रत्येक पेटीत कप्पी करायला दोऱ्याची रिकामी रिळं, शोभादर्शकासाठी आरशाच्या तीन पट्ट्या, आणि एका सेलवर फिरणारी छोटी मोटर बनवायला तांब्याची वायर, एक चुंबक, दोन सेफ्टीपिना, सायकलच्या ट्यूबचं रबर. शेवटी पेटीत एवढंच राहिलं. ही मोटर मी पहिल्यांदा पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत पाहिलेली, अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून बनवलेल्या खेळण्यांमध्ये, आणि तेव्हापासून डोक्यात होतं की माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात ती एकदा तरी फिरली पाहिजे. सेल आणि सेफ्टीपिना विकत आणायच्या, बाकी सगळं गावात कुणाच्या ना कुणाच्या दुकानात पडलेलं असतंच असा हिशोब.

पहिलं पत्र ऑगस्टच्या शेवटी काढलं. मजकूर साधारण असा होता:

> मा. दुकानदार बंधू-भगिनींस, सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेत विद्यार्थ्यांसाठी टाकाऊपासून टिकाऊ या उपक्रमांतर्गत शैक्षणिक साहित्य निर्मिती करण्यात येत आहे. तरी आपल्या दुकानातील टाकाऊ साहित्य देणगी स्वरूपात देऊन सहकार्य करावे ही नम्र विनंती.

चाळीस झेरॉक्स काढल्या आणि मुलांच्या हातून वाटल्या. वाचायला काहीच चूक नाही, भाषाही रीतसर आहे. दहा दिवसांत सात दुकानांमधून सामान आलं आणि ते असं होतं: टीव्हीच्या पॅकिंगच्या थर्माकोलचं एक पोतं, मागच्या वर्षीची कॅलेंडरं, काचेच्या बाटल्या, गळायला लागलेले जुने सेल, चार गेलेल्या ट्यूबलाइट, आणि एका मुलानं मोठ्या उत्साहानं पिशवी भरून आणलेल्या कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या.

ती पिशवी बघून माझ्या पोटात गोळा आला. बाटल्यांना वास येत होता, पोरगं ती पिशवी छातीशी धरून अर्धा किलोमीटर चालत आलेलं. लगेच त्याचे हात साबणानं धुवायला लावले, शर्ट बदलायला घरी पाठवलं, आईला फोन केला. या बाटल्या कितीही धुतल्या तरी मुलांच्या हातात द्यायच्या नसतात, औषध प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं, आणि कृषी सेवा केंद्रातून आलेल्या बियाण्यांच्या पिशव्यांचंही तेच, बियाण्याला औषध चोळलेलं असतं. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, फुटली तर वर्गात पसरणार. दुकानदाराचा काहीच दोष नव्हता हो. आम्हीच लिहिलं होतं ना, ‘टाकाऊ साहित्य’. त्याच्या दृष्टीनं ते टाकाऊच होतं. ट्यूबलाइट पुठ्ठ्यात गुंडाळून आणि बाटल्या हातमोजे घालून मी स्वतः त्या त्या दुकानात परत नेऊन दिल्या, कारण शाळेच्या मागच्या खड्ड्यात टाकणं हा उपाय नव्हता.

बाकी तेहतीस दुकानांमधून काहीच आलं नाही. का आलं नाही ते विचारायला मी पुढच्या आठवड्यात बाजारातून एक चक्कर मारली, पत्राचा विषय काढून, पण काही न मागता. ही चक्कर पत्राच्या आधी मारायला हवी होती. पंख्या-मोटारीचं रिवाइंडिंग करणारे आमच्याकडचे एक अण्णा आहेत, त्यांच्या गल्ल्यावर आमचं पत्र घडी न मोडता पडलेलं. म्हणाले, “मॅडम, गणपतीची पावती फाडली, आता नवरात्राची येईल, त्यात हे ‘देणगी’ लिहिलेलं दिसलं, म्हटलं सावकाश बघू.” म्हणजे पत्र वाचलंच गेलं नव्हतं. ‘देणगी’ शब्द दिसला आणि कागद वर्गणीच्या ढिगात गेला.

दुसरी गोष्ट त्यांनीच सांगितली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. “टाकाऊ म्हणजे काय मॅडम? आमच्याकडं टाकाऊ काय नसतंय. जळकी वायर किलोवर जाती.” खरंच आहे. मोटारीतनं काढलेलं तांबं भंगारवाला रोख पैसे देऊन नेतो. सायकलवाल्याकडचं लोखंड, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडचे तुकडे, किराणा दुकानातली खोकी, प्रेसमधली कागदाची कटिंग, सगळ्याला भाव आहे, कमी-जास्त असेल. आपण ज्याला ‘टाकाऊ’ म्हणतो ती त्याची महिनाअखेरीची किरकोळ कमाई असते, आणि पत्रात तिला टाकाऊ म्हटलं की ते मागणं मोघमही होतं आणि थोडं लागतंही. ज्याला खरंच काही भाव नाही, जसं थर्माकोल, गेलेल्या ट्यूब, तेच मग शाळेकडे येतं. पहिल्या पत्राला जे सामान आलं ते योगायोगानं नव्हतं, आमच्या शब्दांनी तेच मागवलं होतं.

तिसरी अडचण मला शिंपीकाकांनी दाखवली. त्यांच्याकडे रिकामी रिळं रोज पडतात, भंगारवाला घेत नाही, द्यायची तयारी होती. पण म्हणाले, “कुठं ठेवू? संध्याकाळी झाडून जातं.” म्हणजे वस्तू द्यायला जड नव्हती, ती बाजूला काढून आठ-दहा दिवस सांभाळणं जड होतं. दुकान दहा बाय दहाचं, त्यात दोन मशिनी, एक ओव्हरलॉक, गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले.

हे सगळं ऐकून घरी आले आणि पत्र पुन्हा लिहायला बसले. यावेळी चाळीस नाही, नऊच दुकानं निवडली, आणि नऊ वेगवेगळी पत्रं. वरचा आणि खालचा मजकूर सारखा, मधला परिच्छेद प्रत्येकाचा वेगळा. तो मधला परिच्छेद लिहिताना मला समजलं की मी आतापर्यंत माझ्या मोजमापात मागत होते, त्यांच्या नाही.

वायरचं उदाहरण घेते. माझ्या वहीत लिहिलेलं होतं, “तांब्याची वायर, सुमारे २२ मीटर.” ते कसं आलं: मोठ्या सेलभोवती दहा फेरे घ्यायचे, एक फेरा साधारण साडेदहा सेंटीमीटरचा, दोन्ही बाजूंना टोकं सोडायची, म्हणजे एका वेटोळ्याला सव्वा मीटर. प्रत्येक गटाची दोन वेटोळी तरी बिघडणार म्हणून तीन धरली, सहा गटांची अठरा. आता हे २२ मीटर ऐकून रिवाइंडिंगवाला हादरतो, कारण मीटर हे त्याचं माप नाही, तो वायर वजनावर घेतो आणि नंबरावर ओळखतो. मी अण्णांनाच विचारलं की २६ नंबरची २२ मीटर म्हणजे किती भरेल, त्यांनी एका रिळाची वायर हातानं मोजून काट्यावर टाकली आणि सांगितलं, तीस-पस्तीस ग्रॅम. पस्तीस ग्रॅम! तेवढी तर त्यांच्या टेबलाखाली सांडलेली असते.

नंबरही त्यांच्याशी बोलूनच ठरला. पंख्या-मिक्सरची वायर केसासारखी बारीक, तिचं वेटोळं स्वतःच्या वजनानंच वाकतं आणि पिनेत धरून राहत नाही. विहिरीतल्या सबमर्सिबल मोटारीची जाड आणि वरून प्लास्टिक असलेली, तीही नको. मधली हवी, लहान पंपाच्या मोटारीची, २६ च्या आसपास.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ‘जळालेली नको’ हे लिहिणं. मी चक्कर मारली त्या दिवशीच अण्णांनी मला थोडी जळकी वायर तशीच दिली होती आणि मी ती घरी करून पाहिली. वेटोळं नीट झालं, टोकं घासली, पिनांमध्ये बसवलं, चुंबक खाली धरलं, बोटानं ढकललं तर एक हिसका मारून थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं, आणि सेल हाताला गरम लागायला लागला. तासभर मी चुंबकच बदलत बसले होते.

कारण वायरमध्येच होतं. रिवाइंडिंगच्या तांब्यावर पारदर्शक लाखेसारखा थर असतो, त्यालाच इनॅमल म्हणतात. या मोटरमध्ये एका टोकावरचा थर पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाचा फक्त वरच्या अर्ध्या बाजूचा, म्हणजे वेटोळं अर्ध फिरलं की वीज बंद होते, उरलेला अर्धा फेरा ते स्वतःच्या वेगानं पार करतं आणि मग पुन्हा वीज मिळून पुढचा धक्का बसतो. जळक्या वायरवरचा थर आधीच गेलेला असतो, त्यामुळे वीज बंद होतच नाही, पहिल्या अर्ध्या फेऱ्यात मिळालेला धक्का दुसऱ्या अर्ध्यात उलटा बसतो आणि वेटोळं जागच्या जागी डुलत राहतं. शिवाय फेरे एकमेकांना चिकटले की वीज दहा फेरे फिरून न जाता आडव्या वाटेनं निघून जाते, म्हणून सेल तापतो आणि जोर मात्र येत नाही. ओळखायचं सोपं आहे: चांगली वायर लालसर-सोनेरी आणि चकचकीत दिसते, बोटाभोवती गुंडाळली तरी थर सुटत नाही, जळकी काळपट, वाकवली की पापुद्रे पडतात. आणि हल्ली काही मोटारींमध्ये ॲल्युमिनियमची वायर असते, वरून रंग तांब्यासारखाच, पण ब्लेडनं खरवडली की आत पांढरी निघते आणि हाताला हलकी लागते. ती आम्ही घेतली नाही.

म्हणजे अण्णांची भंगारात जाणारी जळकी वायर, जिला भाव आहे, ती आम्हाला नकोच होती. आम्हाला हवी होती नव्या रिळाच्या शेवटाला उरणारी, एका मोटारीला पुरत नाही म्हणून बाजूला पडलेली शेपटी. म्हटलं तर ती महाग वायर, पण त्यांच्या कामाची नाही.

तर अण्णांना गेलेलं पत्र असं होतं, पूर्ण देते:

> (शाळेचं लेटरहेड, यू-डायस क्रमांक, जावक क्रमांक, तारीख)
>
> प्रिय अण्णा, नमस्कार.
>
> हे पत्र वर्गणीचं नाही. पैसे नकोत.
>
> सहावीच्या मुलांना एका सेलवर चालणारी मोटर स्वतःच्या हातानं बनवायला शिकवतोय. त्यासाठी आपल्याकडून २६ नंबरची (२५ किंवा २७ चालेल) तांब्याची वायर एकूण ३५ ग्रॅम हवी आहे. रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे चालतील, एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब असावा. जळालेली वायर आणि ॲल्युमिनियमची वायर नको, त्यावर मोटर फिरत नाही.
>
> सोबत शाळेची पिशवी दिली आहे, त्यात तुकडे टाकत राहावेत. शनिवारी दुपारी १२ ते १ मध्ये मी स्वतः येऊन घेऊन जाईन, आपण पाठवायची गरज नाही. जेवढी जमेल तेवढी घेईन, त्या दिवशी नसेल तर तसं सांगावं, काही अडचण नाही.
>
> मिळालेल्या साहित्याची पोच शाळेच्या शिक्क्यानिशी देऊ आणि साठा नोंदवहीत नोंद करू. उरलेली वायर परत करू.
>
> आपली, (माझं नाव, सहावी वर्गशिक्षिका, फोन) / मुख्याध्यापक सही व शिक्का

आमचे मुख्याध्यापक सर म्हणाले, शासकीय पत्राला ‘प्रिय अण्णा’ कसं चालेल. त्यांचं म्हणणं मला समजत होतं, कारण पत्राची एक प्रत फाइलला राहते. आम्ही मधला मार्ग काढला: फाइलच्या प्रतीवर ‘मा. चालक, अमुक दुकान’ आणि दुकानात दिलेल्या प्रतीवर वर पेनानं मी स्वतः ‘अण्णा’, ‘काकी’, ‘दादा’ लिहिलं, जसं आम्ही एरवी हाक मारतो तसंच. यू-डायस क्रमांक आणि शिक्का मात्र सरांच्या आग्रहामुळे आला आणि तो बरोबरच होता, कारण शाळेच्या नावानं बाजारात कुणीही कागद फिरवू शकतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक छोटा ठरावही घेतला, कुणाकडून काय घेणार आणि पैसे अजिबात घेणार नाही असा. त्याला दहा मिनिटं लागली आणि पुढे कुणी काही विचारलं नाही.

काचवाल्या काकांचा परिच्छेद सगळ्यात जास्त वेळा खोडला. फोटो फ्रेम आणि आरसे कापणारं दुकान. शोभादर्शकाला तीन पट्ट्या त्रिकोणात उभ्या बांधायच्या असतात, त्यांची रुंदी सारखी नसेल तर त्रिकोण जुळत नाही आणि आतली नक्षी एका बाजूला फाटल्यासारखी दिसते. कापून उरलेले तुकडे मात्र कधीच सारखे नसतात, कुठे त्रिकोणी, कुठे चंद्रकोर. म्हणजे इथे निव्वळ उरलेलं मागून भागत नव्हतं, त्यांचं थोडं काम मागावं लागत होतं, आणि ते पत्रात स्पष्ट लिहायला हवं होतं. त्यांचं माप इंच, म्हणून लिहिलं: “आरशाच्या उरलेल्या तुकड्यांमधून सहा बाय सव्वाच्या अठरा पट्ट्या कापून हव्यात. सगळं मिळून एक स्क्वेअर फूटही भरत नाही. कापण्याची मजुरी सांगावी, ती मी देईन.” मजुरीचं वाक्य मी मनापासून लिहिलं होतं. त्यांनी मजुरी घेतली नाही, पण विचारलेलं त्यांना आवडलं हे कळलं, कारण शनिवारी गेले तेव्हा अठराच्या जागी बावीस पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीमध्ये कागद, आणि म्हणाले, “चार जास्त आहेत, पोरं पाडतील. कडा अजून धारदार आहेत हां, मुलांना तशा देऊ नका.” कडा मी शाळेत घासल्या, पाणी लावलेल्या धारेच्या दगडावर, काच हलकी धरून एका दिशेनं, प्रत्येक कड पंधरा-वीस वेळा, मग बोट फिरवायच्या ऐवजी कापसाचा बोळा फिरवून बघायचा, तंतू अडकला तर अजून धार आहे. त्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टी. हे काम मुलांना दिलं नाही.

शिंपीकाकांच्या पत्रात एकच ओळ महत्त्वाची होती, “दोन्ही बाजूंना कडा असलेली लहान रिळं, २४ नग, ओव्हरलॉकचे कोन नकोत.” कोन निमुळता असतो, त्याची कप्पी केली की भार आल्यावर दोरी घसरून बाजूला पडते. मी हे लिहिलं नसतं तर नक्की कोनच आले असते, कारण तेच जास्त निघतात. आणि पिशवी दिलेली असल्यामुळे ‘कुठं ठेवू’ हा प्रश्नच उरला नाही, काकांनी ती मशिनीच्या पायाला खिळा ठोकून टांगली, आणि रीळ संपलं की हात न उचलता त्यात टाकत गेले. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात पत्राइतकंच काम त्या नऊ पिशव्यांनी केलं. जुन्या गणवेशाच्या कापडाच्या शिवलेल्या, वर शाळेचं नाव मार्करनं.

सायकलच्या दुकानात माझी एक चूक झाली ती सांगते. मला काड्या जोडून त्रिकोण-चौकोन करायला व्हॉल्व्ह ट्यूबही हवी होती, ती बारीक रबरी नळी, आणि मी ती ‘उरलेली’ म्हणून मागितली. दादा म्हणाले, मॅडम ती उरत नाही, ती आम्ही मीटरवर विकतो, आणि आता नव्या सायकलींना मोटारसायकलसारखे व्हॉल्व्ह येतात म्हणून ठेवतोच कमी. विकायचा माल फुकट मागितल्यासारखं झालं ते. लगेच पत्रातली ती ओळ खोडून त्यांच्यासमोरच सही केली आणि पंक्चरच्या पलीकडे गेलेल्या दोन जुन्या ट्यूब मागितल्या. ट्यूब आडवी कापली की रबराच्या अंगठ्या मिळतात, त्याच सेलला पिना धरून ठेवायला लागतात, आणि दोन ट्यूबमध्ये सहा पेट्यांना पुरून उरतात. दुकानात जाऊन ‘हे विकता की टाकता’ एवढं विचारूनच ओळ लिहायची, हे मी तिथे शिकले.

वेळेबद्दल थोडं. पत्र घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात दिलं, कारण दसऱ्याला शस्त्रपूजा असते, त्याआधी प्रत्येक दुकान झाडून-पुसून निघतं आणि वर्षभर माळ्यावर पडलेलं खाली येतं. गुरुवारी आमचा आठवडी बाजार, त्या दिवशी दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो, तिथं जाणं म्हणजे नको म्हणायला लावणं. आणि सकाळी भवानी व्हायच्या आत कधीच जायचं नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रोख पैसे देऊन जायच्या आत कुणी काही फुकट न्यायला आलं तर दुकानदाराच्या मनाला ते लागतं, तोंडानं बोलला नाही तरी. शनिवारी आमची सकाळची शाळा, ती सुटल्यावर बारा ते एक हा वेळ दोघांनाही बरा पडला. मुलं सोबत नेली, पण दोघंच, पाळीपाळीनं, आणि सामान उचलायला नाही तर पोच द्यायला. पोचपावतीवर वस्तू आणि नग मुलांनीच लिहिले.

नऊपैकी आठ दुकानांमधून सामान मिळालं. नववं औषधाचं दुकान, तिथे अर्धीच मागणी पूर्ण झाली. मी रिकामे खोके मागितले होते ते त्यांनी देऊ केले, पण मला सिरिंजही हव्या होत्या पाण्याच्या दाबाच्या प्रयोगासाठी, आणि काउंटरवरच्या ताईंनी स्पष्ट नाही म्हटलं, वापरलेली सिरिंज आम्ही कुणालाच देत नाही, तुम्ही पण कुठून घेऊ नका. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं आणि ती मागणी पत्रात यायलाच नको होती. दाबाचा प्रयोग त्या वर्षीच्या पेटीतून काढून टाकला, पुढच्या वेळी बिनसुईच्या नव्या सिरिंज विकत आणणार आहे.

सगळ्यात अवघड गेली ती चुंबकं. मंडपाच्या साउंडवाल्या दादांकडे उडालेले स्पीकर असतात, पण मोठ्या स्पीकरचं चुंबक ते स्वतः पुन्हा वापरतात, नवीन कोन बसवून. म्हणून पत्रात लिहिलं होतं, जुन्या रेडिओ-टीव्हीतले हाताच्या पंजाएवढे स्पीकर, सहा नग, तसेच्या तसे द्या, फोडू नका. ‘फोडू नका’ असं लिहूनही त्यांच्या कामावरच्या मुलानं मदत म्हणून दोन हातोडीनं फोडून ठेवले, आणि ती काळी गोल चुंबकं मातीच्या भांड्यासारखी ठिसूळ असतात, एकाचे तीन तुकडे झाले. तुकडाही चुंबकच राहतो, मोटर त्यावर फिरते, पण तुटलेल्या कडेचे कण सुटतात म्हणून त्याला चिकटपट्टी गुंडाळावी लागली. दुसऱ्याची मात्र पूडच झाली. उरलेले चार आम्ही शाळेत काढले, मागची लोखंडी पट्टी पेचकसानं हळूहळू उचकटून, घाई न करता, एकाला पंधरा मिनिटं.

म्हणजे पाच पेट्यांना चुंबक मिळालं. सहाव्या गटानं पहिल्या गटाचं संपल्यावर तेच वापरलं. त्या दिवशी वर्गात पहिली मोटर फिरली ती मागच्या बाकावरच्या गटाची, वेटोळं थोडं वाकडं होतं तरी फिरली, आणि त्या गटातल्या मुलीनं सगळ्यात आधी सेलला हात लावून बघितलं, कारण मी सांगितलं होतं की सेल तापला तर वायर चुकीची. सेल गार होता.

अण्णांची वायर एकूण ४० ग्रॅम निघाली. वेटोळी करून साधारण आठ-दहा ग्रॅम उरली, ती पत्रात लिहिल्याप्रमाणे परत नेऊन दिली, सोबत एक तयार मोटर. ती त्यांनी काउंटरवर ठेवली आहे. साउंडवाल्या दादांना सहाव्या चुंबकासाठी पुन्हा पत्र दिलंय, यावेळी त्यात एक ओळ वाढवली आहे: “स्पीकर आम्हीच खोलू, आपल्या मुलाला आमच्या वतीनं नमस्कार सांगावा आणि हातोडी लावू नये असं सांगावं.” लग्नसराई संपली की देतो म्हणालेत.